सही झाली, अंगठा दिला, दस्त नोंदला. तरीही करार रद्द होतो का? कधी, कसा आणि किती दिवसांत?

खोटं सांगून, धमकी देऊन किंवा नात्याचा दाब टाकून घेतलेली सही कायद्यात कच्ची धरली जाते. पण ती आपोआप पुसली जात नाही. त्यासाठी मुदतीत कोर्टात जावं लागतं.

गावाकडे एक समज पक्का बसलेला आहे. रजिस्टर ऑफिसात फोटो निघाला, अंगठा उठला, साक्षीदारांनी सह्या केल्या की विषय संपला. "सही केली ना? मग आता काय बोलता?" हे वाक्य ऐकलं की भलेभले गप्प बसतात. फसवणाऱ्याचं निम्मं काम या गप्प बसण्यानंच होतं.

कायदा मात्र नुसती सही बघत नाही, त्या सहीमागची संमती खरी होती का तेही बघतो. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्यातली कलमं १३ ते १९-अ याच विषयावर आहेत. त्यात म्हटलंय की संमती मोकळ्या मनानं दिलेली हवी. जबरदस्ती, अनुचित दबाव, फसवणूक किंवा चुकीची माहिती यांपैकी कशामुळे संमती मिळवली असेल, तर ज्याला फसवलं त्याला तो करार रद्द करून मागता येतो.

एक उदाहरण घेऊ

समजून घ्यायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक प्रकरण घेऊ. असे प्रकार कुठल्याही गावात ऐकायला मिळतात.

एक काकू आहेत, वय ७२. नवरा वारला, मुलगा नाही, एक लेक आहे ती सासरी नांदते. काकूंच्या नावावर २ एकर १० गुंठे जमीन आहे. लिहिता-वाचता येत नाही, मोतीबिंदूमुळे दिसतंही कमी. बँकेचं, सोसायटीचं, दवाखान्याचं सगळं पुतण्या बघतो. पासबुकही त्याच्याचकडे असतं.

जून २०२४ मध्ये पुतण्या म्हणाला, "काकू, पीककर्जाच्या कागदावर अंगठा द्यायचाय, तालुक्याला चला." काकू गेल्या. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो झाला, अंगठा झाला. साक्षीदार दोघेही पुतण्याचे मित्र. घरी येताना काकूंना भेळ खाऊ घातली. कागद होता खरेदीखताचा. त्यात लिहिलेलं, जमीन ९ लाखांना पुतण्याला विकली आणि पैसे रोख पोहोचले.

ऑगस्टमध्ये लेक माहेरी आली. तिनं मोबाईलवर सातबारा काढला तेव्हा आईच्या नावाला कंस पडलेला दिसला आणि खाली पुतण्याचं नाव. तिनं विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "मी कुठं जमीन विकली? मी तर कर्जाला अंगठा दिला."

आता हे प्रकरण कायद्याच्या चाळणीतून घालून बघू.

खोटं सांगून घेतलेली सही

पहिला मुद्दा, काकूंना खोटं सांगितलं. खोटं सांगण्याचे कायद्यात दोन प्रकार आहेत. माहीत असून मुद्दाम खोटं सांगणं म्हणजे फसवणूक. स्वतःला खरं वाटतं म्हणून सांगितलं, पण निघालं चूक, तर ते अजाणता दिलेलं चुकीचं निवेदन. दोन्हींत करार रद्द करून मागता येतो. फसवणुकीत नुकसानभरपाईही मागता येते आणि फौजदारी गुन्हाही होऊ शकतो. पुतण्याला कागद कशाचा आहे हे पक्कं माहीत होतं. म्हणजे ही सरळ फसवणूक.

यातही एक बारीक पण फार कामाचा फरक आहे. तो सुप्रीम कोर्टानं १९६८ च्या एका निकालात स्पष्ट केला. त्या प्रकरणात नवऱ्यानं बायकोकडून दानपत्रावर सही घेतली होती. दानपत्र आहे हे तिला माहीत होतं, पण तिला न सांगता त्यात जादा जमिनी घुसडल्या होत्या. कोर्ट म्हणालं, कागद कुठल्या जातीचा आहे हेच खोटं सांगितलं असेल, तर तो कागद मुळातच शून्य. पण कागदाची जात माहीत होती आणि फक्त आतला मजकूर खोटा सांगितला असेल, तर तो रद्द होण्याजोगा असतो. रद्द करून घेईपर्यंत तो उभाच राहतो.

काकूंना "कर्जाचा कागद" सांगितला आणि निघालं खरेदीखत. म्हणजे कागदाची जातच खोटी सांगितली. पण उद्या पुतण्या कोर्टात म्हणेल, "काकूला खरेदी आहे हे माहीत होतं, फक्त पैशावरून तक्रार आहे." म्हणून जाणकार वकील दाव्यात दोन्ही लिहितात. आधी दस्त मुळातच शून्य आहे असं जाहीर करून मागायचं, आणि ते मान्य नसेल तर तो रद्द करून मागायचा. मुदत मात्र कमी असलेलीच धरून चालायचं.

प्रत्येक खोट्या बोलण्याला हे संरक्षण नाही. "जमीन सोन्यासारखी आहे" ही नुसती बढाई झाली, ते निवेदन नव्हे. आणि साधी चौकशी केली असती तर खरं कळलं असतं, अशी परिस्थिती असेल तर चुकीच्या निवेदनाच्या नावाखाली करार मोडता येत नाही. समजा विकणारा म्हणाला जमीन वर्ग १ ची आहे, आणि सातबाऱ्यावर वर्ग २ स्पष्ट लिहिलंय. तिथं शिकलेल्या खरेदीदाराला कोर्ट विचारणारच, "सातबारा का बघितला नाही?" हाच प्रश्न न वाचता येणाऱ्या काकूंना तितक्या कडकपणे लागू होत नाही.

नात्याचा, विश्वासाचा दाब

दुसरा मुद्दा अनुचित दबावाचा, कलम १६. इथं कुणी काठी उगारत नाही, आवाजही चढवत नाही. एक माणूस दुसऱ्यावर इतका अवलंबून असतो की त्याला नाही म्हणता येत नाही, आणि पहिला त्याचा गैरफायदा घेतो. आजारपण, म्हातारपण, मनाचा ताण यामुळे जो स्वतःचा निर्णय नीट घेऊ शकत नाही, त्याच्याशी केलेला व्यवहारही यात येतो.

कोर्ट यात दोन गोष्टी शोधतं. एक, समोरचा खरंच वरचढ जागेवर होता का? काकूंचं बँक, औषध, शेती सगळं पुतण्याच्या हातात, म्हणजे होता. दोन, व्यवहार उघड उघड एकतर्फी आहे का? काकूंची एकुलती एक जमीन गेली आणि पैसा हातात आला नाही, म्हणजे आहे. या दोन्ही गोष्टी दिसल्या की पारडं फिरतं. मग व्यवहार स्वच्छ होता, काकूंना सगळं वाचून समजावलं होतं, त्यांना दुसऱ्या कुणाचा सल्ला घ्यायची मोकळीक होती, हे पुतण्याला सिद्ध करावं लागतं. अतिवृद्ध, आजारी, निरक्षर माणसाकडून विश्वासातल्या माणसानं करून घेतलेल्या दस्ताबाबत सुप्रीम कोर्टानं २००४ च्या निकालातही हेच सांगितलं.

पण नुसतं नातं आहे एवढ्यावर भागत नाही. बापानं लेकाला किंवा आजोबांनी नातवाला जमीन दिली म्हणजे दबाव होताच, असं कोर्ट मानत नाही. १९६७ साली सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलंय. माया लावून, सेवा करून कुणी जमीन मिळवली आणि देणाऱ्यानं समजून-उमजून दिली, तर इतर भावंडांना वाईट वाटलं तरी तो दस्त टिकतो.

धमकी आणि जबरदस्ती

काकूंच्या प्रकरणात धमकी नाही, पण गावात हा प्रकारही असतो. कलम १५ मध्ये जबरदस्तीची व्याख्या आहे. फौजदारी कायद्यात गुन्हा असलेली गोष्ट करणं किंवा करण्याची धमकी देणं, आणि कुणाची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणं, म्हणजे जबरदस्ती. "सही कर, नाहीतर पोराला जिता ठेवणार नाही" ही जबरदस्ती. उचल दिलेल्या मजुराची बैलजोडी किंवा गाडी बेकायदा ओढून नेऊन कोऱ्या स्टॅम्पवर सही घेणं, हीही जबरदस्ती.

धमकी समोरच्यानंच दिलेली हवी असं नाही आणि सही करणाऱ्यालाच दिलेली हवी असंही नाही. शंभर वर्षांपूर्वी मद्रास हायकोर्टात एक प्रकरण गेलं होतं. नवऱ्यानं बायकोला आणि मुलाला धमकी दिली, "माझ्या भावाला हक्कसोड लिहून द्या, नाहीतर मी जीव देतो." त्यांनी लिहून दिलं. कोर्टानं बहुमतानं ती जबरदस्ती मानली आणि दस्त रद्द करण्याजोगा ठरवला.

मात्र "पैसे दिले नाहीत तर कोर्टात दावा लावीन" ही जबरदस्ती नव्हे, कारण दावा लावणं हा हक्क आहे. आणि धमकी होती तर मोकळं झाल्यावर माणूस काय करतो हेही कोर्ट बघतं. सही करून दोन वर्षं गप्प बसला, वर उरलेले पैसेही घेतले, तर धमकीची गोष्ट कुणाला पटत नाही.

घड्याळ कधी सुरू होतं

सगळ्यात जास्त प्रकरणं पडतात ती इथं. दस्त रद्द करून मागण्याची मुदत ३ वर्षांची आहे. ती दस्ताच्या तारखेपासून नाही, तर ज्या गोष्टींमुळे दस्त रद्द होऊ शकतो त्या कळल्यापासून मोजतात. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५९ मध्ये हे आहे.

काकूंचा दस्त जून २०२४ चा, कळलं ऑगस्ट २०२४ मध्ये. म्हणजे ऑगस्ट २०२७ च्या आत दावा दाखल व्हायला हवा. पण समोरचा म्हणणार, "काकूला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." म्हणून कधी कळलं याचा पुरावा जपून ठेवावा लागतो. सातबारा कोणत्या दिवशी काढला, तलाठ्याकडे कधी विचारलं, पहिली लेखी तक्रार कधी दिली, या तारखा पुढे कोर्टात बोलतात. आणि मुदत आहे म्हणून शेवटच्या महिन्यापर्यंत थांबणं धोक्याचं. मधल्या काळात पुतण्यानं जमीन तिसऱ्याला विकली आणि त्या तिसऱ्यानं काही माहीत नसताना, पूर्ण पैसे देऊन, प्रामाणिकपणे घेतली असेल, तर रद्द होण्याजोग्या दस्ताच्या बाबतीत त्याच्याकडून जमीन परत मिळवणं फार अवघड होऊन बसतं.

कळल्यावर काय करायचं

पहिली गोष्ट, फेरफार अडवायचा. दस्त नोंदला की फेरफाराची नोटीस निघते आणि हरकत घ्यायला १५ दिवस असतात. त्या मुदतीत गाव कामगार तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) यांच्याकडे लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची. मग प्रकरण तक्रारी फेरफार म्हणून सुनावणीला जातं. नोंद आधीच मंजूर झाली असेल, तर प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येतं.

पण इथं बरेच जण चुकतात. तलाठी, मंडळ अधिकारी, प्रांत किंवा दुय्यम निबंधक यांपैकी कुणालाही "खरेदीखत फसवणुकीनं झालं म्हणून रद्द" असा निकाल देता येत नाही. फेरफाराच्या तारखा घेत चार वर्षं घालवायची आणि मग दिवाणी दाव्याची मुदत गेलेली कळायची, असं होतं. एकट्यानं रजिस्टर ऑफिसात जाऊन रद्दलेख करून खरेदीखत मोडता येत नाही. विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ च्या कलम ३१ खाली दिवाणी कोर्टातच दस्त रद्द करून मागावा लागतो. कोर्टानं रद्द केला की हुकूमनाम्याची प्रत निबंधकाकडे जाते आणि तिथल्या नोंदीवर तसा शेरा मारला जातो.

दुसरी गोष्ट, कागद गोळा करायचे. दस्ताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. सूची-२ freesearchigrservice.maharashtra.gov.in वर आणि सातबारा bhulekh.mahabhumi.gov.in वर बघता येतो. काकूंच्या दाव्यात सगळ्यात बोलका कागद त्यांचं पासबुक. ९ लाख मिळाले असतील तर गेले कुठं? खात्यात नाहीत, घरात नवी वस्तू नाही, लेकीला दिले नाहीत. शिवाय मोतीबिंदूचे दवाखान्याचे कागद, पासबुक पुतण्याकडे असायचं हे सांगणारे शेजारी, आणि दस्तानंतरही जमीन काकूच वाट्यानं लावत होत्या याचा पुरावा.

"लेखी दस्तापुढं तोंडी बोलणं चालत नाही" असं समोरचे ठणकावून सांगतात. ते अर्धवट खरं आहे. दस्तातली अट तोंडी बोलून बदलता येत नाही हे खरं. पण दस्तच फसवणुकीनं किंवा धाकानं झाला हे दाखवायला तोंडी साक्ष चालते. पुराव्याच्या कायद्यात तसा अपवादच आहे.

तिसरी गोष्ट, दावा. दाव्यात "फसवून घेतलं" एवढं मोघम लिहून चालत नाही. कोण, कधी, कुठं, काय बोललं, साक्षीला कोण होतं, हा तपशील दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे लिहावाच लागतो. तो नसेल तर चांगलं प्रकरणही पडतं. काकूंच्या दाव्यात असं येईल: अमुक तारखेला सकाळी पुतण्या घरी आला, पीककर्ज म्हणाला, अमुक गाडीतून नेलं, कार्यालयात कुणी दस्त वाचून दाखवला नाही, एक रुपयाही दिला नाही. सोबत पुतण्यानं जमीन पुढे विकू नये म्हणून मनाई हुकमाचा अर्ज, आणि जमीन वादात आहे याची लिस पेंडन्स नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची. ताबा गेला असेल तर ताबाही त्याच दाव्यात मागायचा.

दस्त रद्द होताना घेतलेला फायदा परत करावा लागतो. काकूंना काहीच मिळालं नाही म्हणून प्रश्न नाही. पण कुणी ९ लाखांपैकी २ लाख घेतले असतील, तर ते परत द्यायची तयारी दाव्यात लिहायची. आणि खरं कळल्यानंतर समोरच्याकडून उरलेले पैसे अजिबात घ्यायचे नाहीत. घेतले तर व्यवहार मान्य केला असा अर्थ निघतो.

खर्चाचं म्हणाल, तर महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात महिलांना कोर्ट फी माफ आहे. महिलांना तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन करायचा.

दोन जवळच्या वाटा

सगळ्यांनाच दिवाणी कोर्टाची लांब वाट धरावी लागते असं नाही. म्हाताऱ्या आई-बापांनी "आम्हाला शेवटपर्यंत सांभाळशील" या अटीवर जमीन किंवा घर लिहून दिलं आणि मुलानं वाऱ्यावर सोडलं, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ मदतीला येतं. असा दस्त फसवणुकीनं, जबरदस्तीनं किंवा अनुचित दबावानं झाला असं कायदाच धरतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. अट दस्तातच लिहिलेली असली तर काम सोपं होतं. तोंडी अट सिद्ध करताना दमछाक होते. म्हणून बक्षीसपत्र करताना सांभाळायची अट लिहूनच घ्यावी.

दुसरी वाट सावकारीची. उसने पैसे देताना तारण म्हणून खरेदीखत करून घ्यायचं आणि "पैसे दिले की जमीन परत" असं तोंडी सांगायचं, हा जुना डाव आहे. अशा वेळी २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. जमीन सावकारीच्या व्यवहारात गेली असं चौकशीत ठरलं, तर ते दस्त अवैध ठरवून जमीन कर्जदाराला परत देण्याचा आदेश काढू शकतात. त्या अर्जालाही मुदत आहे, म्हणून तिथंही उशीर नको. व्याज दिल्याच्या नोंदी, मोबाईलवरचे मेसेज, त्याच माणसानं इतरांकडूनही असेच दस्त घेतल्याचे कागद तिथं कामी येतात.

काकूंच्या लेकीनं ऑगस्टमध्येच तीन कागद केले असते तर प्रकरण अर्धं पक्कं झालं असतं: दस्ताची प्रमाणित प्रत, तलाठ्याकडे दिलेल्या हरकतीची तारखेसह पोच, आणि दस्ताच्या महिन्यातला बँक खातेउतारा. वकिलाकडे पहिल्यांदा जाताना हेच तीन कागद पिशवीत असले पाहिजेत.